काकांचे शेअर आणि स्प्लिट

"सांगलीच्या काकांचा फोन आला. त्यांचे शंभर शेअर आहेत, काल दीड हजाराला होता तो आज तीनशे दिसतोय. एकाचे पाच असं काही झालंय म्हणे. विकू का विचारतायत. त्यांना काय लिहू?"

असं लिहा:

ती. काकांस सा. न.

काका, घाईने काही विकू नका. कंपनीने दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दोन रुपयांच्या पाच शेअरमध्ये फोडलाय, यालाच स्प्लिट म्हणतात. म्हणजे तुमचे १०० आता ५०० होतील. काल १०० गुणिले १५०० म्हणजे दीड लाख होते, आज ५०० गुणिले ३०० म्हणजेही दीड लाखच. भाव मात्र आधी बदलतो आणि वाढीव शेअर डीमॅटमध्ये एक-दोन दिवसांनी दिसतात, म्हणून मधल्या काळात ॲपवर कालच्यापेक्षा ८०% घट दिसते. ती खरी नाही. आठवडा उलटूनही ५०० दिसले नाहीत, तर मात्र ब्रोकरला विचाराच.

हळदीच्या पैशातून तुम्ही ६०० ने घेतले होते ना? आता खरेदी भाव १२० धरायचा, पण खरेदीची तारीख जुनीच. बोनस शेअरचा हिशेब वेगळा असतो. तिथे खरेदी किंमत शून्य आणि तारीख नवी.

लाभांशाचंही सांगतो. पूर्वी दर्शनी किमतीच्या ५०% म्हणजे शेअरला पाच रुपये, आता एकच. पण शेअर पाचपट, म्हणून हातात पाचशेच.

कंपनीचा नफा, कर्ज, तुमचा हिस्सा, यातलं काहीही स्प्लिटने हललेलं नाही. विकायचं तर ते बघून ठरवा.