मदत हवी आहे: कथकच्या बुडलेल्या तासांची बदली कुठे बसवू?

घुंगरू१०८
गणपतीत मुली गावाला गेल्या. आता प्रत्येक आईला बदली तास हवाय. मी "या कधीही" म्हणून बसले आणि काल १२ जणींच्या बॅचला १७ जणी. चकरा घेताना दोघींचे हात एकमेकींवर आपटले, एक रडत घरी गेली. कसं बसवू सगळ्यांना? लवकर सांगा.

सम_चुकली
बॅच किती? पातळी कोणती? हॉलमध्ये किती मावतात? बुडवलं कोणी?

डोंबिवलीकर
सोपं आहे. ग्रुपवर पोल टाका, जो आधी नाव देईल त्याची जागा.

सम_चुकली
पोलला काय माहीत कुठल्या दिवशी किती जागा रिकाम्या आहेत? पाच आया रात्री बाराला टिक करून मोकळ्या होतील.

आर्याची आई
आमच्या क्लासने तर बदली दिलीच नाही, फीही परत नाही. असं चालतं का?

घुंगरू१०८
हॉल १२ चा. प्रवेशिका प्रथमच्या दोन बॅच: बुध-शुक्र ९ जणी, शनि-रवि १२. मध्यमाची एक, ७ जणी. शनि-रविच्या ८ जणींचे दोन-दोन तास गेलेत, बुध-शुक्रच्या चौघींचेही दोन-दोन. मध्यमात ५ जागा आहेत, तिथे बसवू का?

जुनी_तत्कार
मध्यमात नको. तिथे झपताल चालू असला की तीनतालवाली पोर दहा मात्रांत सोळा शोधत उभी राहते. तिचा तास भरला असं वहीत दिसतं, पण हाती काही लागत नाही.

शनि-रविच्या ८ जणींचे १६ तास झाले. बुध-शुक्रला रोज ३ जागा, म्हणजे आठवड्याला ६. तीन आठवडे लागतील. पण बुध-शुक्रच्या चौघींना शनि-रविला एकही जागा नाही, कोणी आधी रजा कळवली तरच. खरं तर ८ आणि ४ मिळून बाराच होतात की! दोन जादा तास घ्या, सगळं एकदम फिटतं.

पुढच्यासाठी: आदल्या संध्याकाळपर्यंत रजा कळवली तरच बदली, कारण तेव्हाच ती जागा दुसरीला देता येते. नाव देऊन आली नाही, तर तो तास गेला.

डोंबिवलीकर
ताप सांगून येतो का आदल्या दिवशी?

जुनी_तत्कार
येत नाही. पण रिकामी जागा तर वायाच गेली ना? आजारपणाला मी वर्षातून दोनदा सूट देते, तेही जागा असली तर.

घुंगरू१०८
८ + ४ माझ्या लक्षातच आलं नव्हतं 🙈 पण जादा तासाचं हॉलभाडं ४०० रुपये. ते मी भरू की आयांकडून घेऊ?

सम_चुकली
तुमचा क्लास त्या दिवशी चालू होता ना? मग त्यांनी भरावं.

जुनी_तत्कार
"या कधीही" कोण म्हणालं होतं? या वेळचं तुम्हीच सोसा.

मीरारोड_बाबा
मुलीला कथकला घालायचंय, वय ५. चालेल का?