मदत हवी आहे: साखरपुड्याच्या पॅकिंगचे दोन फोटो, कुठलं घेऊ?
रविवारी कोथरूडला भाचीचा साखरपुडा आहे, साडीचा बॉक्स दोन प्रकारे रॅप करून फोटो टाकलेत. पहिला बोहरी आळीतला जाड सोनेरी कागद, घड्या एकदम धारदार आल्यात पण कोपऱ्यांवर सोनेरी थर तडकून पांढरी रेघ दिसतेय, नखाऐवजी पट्टीने हलकं दाबून पाहिलं तरी तेच. दुसरा पातळ लाल, टोकांना कागद जास्त राहून त्रिकोण फुगले होते, दोन सेंमी कापल्यावर सपाट बसले, पण सॅटिनची रिबन अधिकच्या चिन्हासारखी बांधली की घसरते. प्रसंगाला लाल कागदच जास्त शोभतोय असं मला वाटतंय. नवीन कागद आणायला वेळ नाहीये, डबल टेप आहे घरात. तर सोनेरीवर रिबन तिरकी कोपऱ्यांवरून नेऊन रेघ झाकू, की लाल घेऊन रिबन खालून टेपने चिकटवू?