मदत हवी आहे: अर्जातील कामगिरीच्या वाक्यांत कर्ता स्पष्ट कसा करावा?

नोकरीच्या अर्जासोबत जोडायचा एक पानी मराठी परिचय मी लिहीत आहे. भांडार विभागातील कामाबद्दल माझे मूळ वाक्य असे होते: ‘साठा नोंदणीच्या प्रक्रियेत सुधारणा करण्यात आली असून त्यामुळे विलंब कमी होण्यास मदत झाली.’ यात सुधारणा कोणी केली, कोणती केली आणि विलंब किती घटला, यांपैकी काहीच कळत नाही.

ते मोडून मी दोन वाक्ये केली: ‘तीन नोंदवह्यांची एकच नोंदवही केली. मासिक ताळमेळाचा वेळ 4 दिवसांवरून 1 दिवसावर आणला.’ ‘करण्यात आली’ आणि ‘मदत झाली’ हे दोन्ही गेले, पण नवी अडचण उभी राहिली. ‘केली’, ‘आणला’ ही क्रियापदे कर्माप्रमाणे चालतात, त्यामुळे ‘मी’ गाळला की कर्ता पुन्हा अदृश्य होतो. प्रत्येक ओळीत ‘मी’ लिहून पाहिले, तर ते आत्मस्तुतीसारखे वाटले (सलग सहा ‘मी’ मलाच सोसवले नाहीत).

शिवाय नोंदवहीचा आराखडा माझा असला, तरी जुन्या नोंदी उतरवण्याचे काम आम्ही तिघांनी केले. ‘सहभाग घेतला’ लिहिल्यास वाक्य पुन्हा मोघम होते आणि नुसते ‘केली’ लिहिल्यास सगळे श्रेय माझ्याकडे येते. आकडे नोंदींवरून पडताळलेले आहेत. परिचय मराठीतच हवा आणि प्रत्येक कामासाठी दोनच ओळी आहेत.

तर ‘आराखडा आखला, तिघांनी मिळून नोंदी उतरवल्या’ अशी क्रियापदांची विभागणी वाचणाऱ्याला पुरेशी स्पष्ट वाटेल का, की पहिल्या ओळीत एकदा ‘मी’ लिहून पुढे तो गृहीत धरावा?