मदत हवी आहे: सकाळचा नाश्ता सोडला, शुगर खाली जाते, वजन मात्र हलत नाही

वेलकर
वय 47, वजन 86 किलो, डायबेटिस सहा वर्षं. दीड महिन्यापासून दोनदाच जेवतो, दुपारी एक आणि रात्री आठ. भात बंद, पोळीऐवजी दोन भाकऱ्या. गोळी पूर्वीसारखीच सकाळी साडेआठला आणि रात्री जेवणाआधी. आठवड्यातून तीन-चारदा अकराच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम येतो. एकदा मोजली तर 61. मग चार बिस्किटं आणि साखरेचा चहा घेतो, पण अर्धा तास बरंच वाटत नाही, म्हणून पुडा संपतो. वजन जेमतेम एक किलो उतरलंय. भाकरी चुकतेय का? बाजरीची खाऊ की ज्वारीची?

रानवारा
भाकरी-पोळी सगळा पिठाचाच खेळ, पूर्ण बंद करा. मेटफॉर्मिनने शुगर खाली जाते, तीही सोडा. मी दोन महिन्यांत सात किलो उतरवलं.

सुलभा_प
बाजरी उष्ण असते, उन्हाळ्यात नको. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की ह्यांची शुगर 280 ला जाते. त्यावर उपाय सांगा ना कुणी.

औषधवाली
बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली, त्यावरून सांगते. रानवारा, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर इतकी पडत नाही. वेलकर, गोळीच्या पट्टीमागे काय काय नावं आहेत ती जशीच्या तशी लिहा.

वेलकर
ग्लायमिपिराइड 2, मेटफॉर्मिन 500, व्होग्लिबोज 0.2. एकाच गोळीत तिन्ही. मी तिला आजवर 'मेटफॉर्मिनची गोळी'च म्हणत होतो.

औषधवाली
वाटलंच होतं. ग्लायमिपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. साडेआठला गोळी आणि एकला जेवण, म्हणजे मधले साडेचार तास ते रिकाम्या पोटावर काम करतंय. त्यात तुम्ही भातही सोडलात, मग तोच डोस जास्त होतो.

आता बिस्किटांचं. व्होग्लिबोज आतड्यात पिष्ट आणि साखर फुटण्याचा वेग कमी करतं. म्हणून बिस्किट आणि साखर दोन्ही रक्तात उशिरा पोहोचतात. तुम्ही घाबरून खात राहता आणि तासाभराने सगळं एकदम चढतं. वजन न उतरण्यामागे हे पुडेही असणार. खिशात ग्लुकोजची पावडर ठेवा. 70 च्या खाली दिसली की तीन चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लुकोज फोडावं लागत नाही, व्होग्लिबोज त्याला अडवत नाही. बरं वाटलं तरी जेवण तासाभरावर असेल तर थोडं काही खाऊन घ्या, कारण ग्लायमिपिराइडचा अंमल दिवसभर राहतो.

गोळी स्वतःच मागेपुढे करू नका. डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की पहिलं जेवण आता एकला असतं. ही गोळी पहिल्या घासाच्या वेळची आहे. बहुधा ते ग्लायमिपिराइड कमी करतील.

भटक्या
माझी गोळी वेगळी, डापाग्लिफ्लोझिन. लघवीतून साखर जाते, वजनही उतरतं. मी उत्साहाने पोळी, भात, फळं सगळं सोडलं. चौथ्या दिवशी उलट्या, श्वास जोरात. शुगर फक्त 190, म्हणून घरचे म्हणाले पित्त असेल. दवाखान्यात किटोन वाढलेले निघाले, तीन दिवस सलाइनवर होतो. रानवारांचा सल्ला ऐकून कुणी असं करू नका.

रानवारा
मला कुठे माहीत होतं! मी तर फक्त मेटफॉर्मिनवर आहे.

औषधवाली
म्हणूनच तुम्हाला सोसलं. वेलकरांना नाही सोसणार. आणि भाकरी बाजरीची की ज्वारीची, यात फार फरक नाही, तिचा आकार मोजा. दोन मोठ्यांऐवजी एक, आधी उसळ आणि भाजी, भाकरी शेवटी. पण हेही डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर भाकरी कमी आणि डोस तोच, म्हणजे पुन्हा अकराचा घाम.

वेलकर
काल जाऊन आलो. ग्लायमिपिराइड पूर्ण बंद. आता मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज, दोन्ही जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे रोज सकाळी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून लिहा. आज अकराला 104 होती, घाम नाही. पण सकाळी उपाशीपोटी 168 आली, पूर्वी 140 असायची. हे चालेल का, की गोळी गेल्याचा फटका आहे?

औषधवाली
तीन-चार दिवसांचे आकडे येऊ देत. एका दिवसावरून काही ठरत नाही. रात्री काय जेवलात?

वेलकर
उसळ, एक भाकरी. आणि... लग्नातल्या जिलेब्या उरल्या होत्या.

सुलभा_प
अहो, साबुदाण्याचं राहिलंच!