मदत हवी आहे: रिचार्जच्या स्क्रीनशॉटमधला कोणता प्लॅन घरासाठी स्वस्त?

मृणाल_नाशिक
कृपया लवकर सांगा, उद्या दोन नंबरांची मुदत संपतेय. अॅपमधला स्क्रीनशॉट जोडला आहे. घरात चार नंबर आहेत. मी शीट करून प्रत्येक प्लॅनचा रोजचा खर्च आणि एका रुपयात मिळणारा डेटा काढला. डेटा असलेल्या प्लॅनमध्ये १८९ चा दोन्हीत पहिला येतोय, पण कोपऱ्यावरचा रिचार्जवाला म्हणतो, "ताई, तो सगळ्यांना घेऊ नका." का ते सांगत नाही. मला आकड्यांत उत्तर हवंय.

दत्ताभाऊ
वर्षाचा मारा आणि मोकळे व्हा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा ज्यांनी आधीच वर्षाचा टाकून ठेवला होता ते निवांत होते.

निशिगंधा
चित्र मोबाईलवर फार बारीक दिसतंय. आकडे टाईप कराल का? आणि चार नंबर कुणाकुणाचे? घरी वायफाय आहे?

मृणाल_नाशिक
हे घ्या:
१८९, २८ दिवस, २ जीबी
२९९, २८ दिवस, रोज १.५ जीबी
३४९, २८ दिवस, रोज २ जीबी
४४८, ८४ दिवस, फक्त कॉल आणि एसएमएस
७९९, ८४ दिवस, रोज १.५ जीबी
८५९, ८४ दिवस, रोज २ जीबी
३५९९, ३६५ दिवस, रोज २.५ जीबी
घरी वायफाय आहे. मी, नवरा, मुलगा, सासूबाई.

प्रभाकर_जळगाव
तुमचा रिचार्जवाला बरोबर आहे. १८९ च्या पुढे नुसतं २ जीबी आहे, बाकीच्यांपुढे "रोज" आहे. स्क्रीनशॉट मोठा करून बघा, तिथे `2 GB` आणि इतर ठिकाणी `2 GB/day` असंच दिसेल. म्हणजे २८ दिवसांत मिळून २ जीबी. शीटने ते २८ ने गुणलं, म्हणून रुपयाला २९६ एमबी आले. खरे १०.६ एमबी आहेत. रोजचा खर्च मात्र ६.७५ रुपये, तो बरोबरच आहे.

आता दुसरी गोष्ट. रोजचा डेटा रात्री बारा वाजता संपतो, उरलेला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. त्यामुळे रुपयाला किती मिळतो यापेक्षा किती वापरला जातो हे मोजा. शीटमध्ये B किंमत, C दिवस, D रोजचा कोटा आणि E त्या माणसाचा रोजचा खरा वापर जीबीत ठेवा. पहिला फॉर्म्युला रोजचा खर्च देईल, दुसरा रुपयाला वापरलेले एमबी:

```
=B2/C2
=MIN(D2,E2)*C2*1000/B2
```

१८९ साठी D मध्ये २ नको, `=2/28` टाका. प्रत्येकाचा वापर किती ते सांगा.

मृणाल_नाशिक
तो कुठे बघायचा?

प्रभाकर_जळगाव
फोनच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटा वापर असतो. महिन्याचा आकडा घेऊन दिवसांनी भागा. वायफायचा आकडा वेगळा दिसतो, तो यात धरू नका.

कोकणी_मंदार
एवढं गणित करण्यापेक्षा नंबर पोर्ट करा. PORT, मग स्पेस, मग तुमचा नंबर लिहून 1900 ला एसएमएस केला की कोड येतो. आमच्याकडे मालवणात मी तेच केलं.

निशिगंधा
मंदारदादा, मृणालताई पोर्टबद्दल विचारतच नाहीयेत. आणि पोर्ट केला की जुन्या रिचार्जची उरलेली मुदत जाते, हेही सांगा ना.

दत्ताभाऊ
म्हणूनच वर्षाचा! ३५९९ भागिले ३६५ म्हणजे दिवसाला ९.८६. २९९ चे १०.६८ पडतात. गणितच सांगतंय.

प्रभाकर_जळगाव
दत्ताभाऊ, पण शेजारीच ७९९ आहे, दिवसाला ९.५१. तो तुमच्यापेक्षा स्वस्त. कागदावर वर्षाचा प्लॅन रुपयाला २५४ एमबी देतो, पण ते अडीच जीबी रोज संपवणाऱ्यालाच. आणि चार नंबरांना एकदम १४,३९६ रुपये भरायचे. दर वाढण्याआधी घेतला तर फायदा आहे, तेवढं मान्य.

दत्ताभाऊ
दर वाढणारच. माझं मत कायम.

मृणाल_नाशिक
बघितलं. माझा आणि नवऱ्याचा साधारण अर्धा जीबी रोज, घरी आणि त्यांच्या ऑफिसात वायफाय असल्यामुळे. मुलाचे २ जीबी संध्याकाळीच संपतात, तो पुण्यात हॉस्टेलला असतो. सासूबाई गावी, सिन्नरजवळ. त्या फोनवर बोलतात आणि रविवारी नातवाशी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल करतात.

प्रभाकर_जळगाव
हे आधी सांगायला हवं होतं, आता सगळं सोपं आहे. तुम्हा दोघांना अर्धा जीबी म्हणजे २८ दिवसांत १४ जीबी, १८९ चे २ जीबी चार दिवसांत संपतील. आता २९९ वाला एका रुपयाला ४७ एमबी देतो, ३४९ वाला ४०, ७९९ वाला ५३, ८५९ वाला ४९. कोटा कुणाचाच संपत नाही, म्हणून हा क्रम रोजच्या खर्चाच्या क्रमासारखाच येतो. अशा माणसासाठी डेटाचा रकाना सोडून द्या आणि फक्त दिवसाचा दर बघा. तुम्हा दोघांना ७९९.

मुलासाठी ८५९ वाला एका रुपयाला १९६ एमबी देतो. ३५९९ मध्ये तो २ जीबीच वापरेल असं धरलं तर २५४ चे २०३ होतात. पण त्याचे २ जीबी संध्याकाळी संपतात, म्हणजे आणखी मिळाले तर तेही वापरेल. त्याचा फोन ५जी आहे का? ८५९ वर `Unlimited 5G` लिहिलंय का बघा, ७९९ वर बहुधा नसेल.

मृणाल_नाशिक
३४९, ८५९ आणि ३५९९ वर आहे. २९९ आणि ७९९ वर नाही. फोन ५जी आहे, पण हॉस्टेलच्या खोलीत ४जीच दाखवतं असं तो म्हणतो.

निशिगंधा
मग खोलीत कोटाच लागणार, कॉलेजात ५जी आलं तर तो वाचेल. ८५९ टाका, वर्षाचा नको. हॉस्टेल बदललं आणि तिथे रेंज नसली तर काय?

मृणाल_नाशिक
सासूबाईंना ४४८?

प्रभाकर_जळगाव
दिवसाला ५.३३ पडतो, वर्षाला सुमारे १,९५०. १८९ वर्षातून तेरा वेळा टाकला तर सुमारे २,४६०. फरक पाचशेचा, पण ४४८ मध्ये रविवारचा व्हिडिओ कॉल बंद. त्यांच्या फोनवर व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये `Storage and data` आणि त्यात `Network usage` उघडा, एका रविवारआधी आणि नंतर कॉलचा आकडा लिहून घ्या. चार रविवार मिळून २ जीबीच्या आत बसत असतील तर १८९ त्यांच्यासाठी आहे. बाकी घराला नको.

सुनंदा_काकू
मृणाल, माझ्या आईला आम्ही फक्त कॉलचा टाकला होता. पंधरा दिवसांत ती म्हणाली, नातवंडं दिसत नाहीत. परत डेटावाला घेतला. पाचशे रुपयांसाठी तिचा रविवार नका घालवू.

मृणाल_नाशिक
काकू, पटलं. सासूबाईंना उद्या १८९, आम्हाला दोन ७९९, मुलाला ८५९. फक्त एक राहिलं. ४४८ वर वरून डेटाचा छोटा पॅक टाकता येतो का? आला तर रविवारपुरता तोच स्वस्त पडेल का?

कोकणी_मंदार
कंपनीप्रमाणे बदलतं. तुमची कुठली ते अजून सांगितलंच नाहीत.