मदत हवी आहे: गाल कोरडे, कपाळ तेलकट, मॉइश्चरायझर कुठं लावू?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, वय २१. थंडीत कापूस वेचणीच्या दिवसांत गालांची सालपटं निघतात, आंघोळीनंतर कातडी ताणते. कपाळ आणि नाक मात्र दुपारपर्यंत तेलकट, पुटकुळ्याही तिथंच.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या मेडिकलमध्ये गेलो. गर्दीत मॉइश्चरायझर मागितलं, तर जो तो सांगायला लागला. मागचे काका म्हणाले, "कायले पैसे घालवतं बाबू, खोबरेल लाव." एका ताईंचं म्हणणं, खोबरेलानं पुटकुळ्या वाढतील, जेल घे. काउंटरवरच्या पोरानं तर छोटी ट्यूबच पुढं केली: "हे लाव, आठ दिवसांत चेहरा साफ." ट्यूबवर उभी लाल रेघ होती, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध, आणि घटकांत क्लोबेटासोल. ते तीव्र स्टेरॉइड आहे. डॉक्टरांना न विचारता चेहऱ्यावर लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि बंद केलं की चेहरा लाल होऊन पुरळ उठतं. मी ती परत केली. आमच्याकडं गोरं व्हायला अशा ट्यूबा सर्रास लावतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शेवटी ग्लिसरीनचं, बिनवासाचं, 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे कातडीची छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं हलकं लोशन घेतलं. चेहरा ओलसर असतानाच लावतो. गाल मऊ झालेत.

आता सांगा, कपाळावरही लावू की फक्त गालांना? आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर कातडीवर राहतो, तर साबण सोडून सौम्य फेसवॉश घेऊ का? अशीच त्वचा असणाऱ्यांचा अनुभव हवा आहे.