मदत हवी आहे: 'च' हे अक्षर एकच, मग स्वनिम दोन कसे?

माळरान
भाषाविज्ञानाच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पदवीला मराठी साहित्य होतं, त्यामुळे ध्वनी हा विषय पहिल्यांदाच समोर आलाय आणि पहिल्याच गृहपाठात अडकलोय.

सरांनी सांगितलं होतं, आपल्या घरच्या बोलीतले दहा शब्द घ्या आणि प्रत्येकात किती स्वनिम, म्हणजे अर्थात फरक पाडणारे ध्वनी, आहेत ते लिहा. मी घर – 2, चार – 2, क्षमा – 2 असं लिहिलं. सगळ्यांवर लाल फुली. खाली मी एक ओळ लिहिली होती, 'मराठीत च हा एक स्वनिम आहे.' त्यापुढे सरांनी एवढंच लिहिलंय: "गाईला चार, म्हणून बघ." आणि इ आणि ई हे मी दोन वेगळे स्वनिम धरले, तिथे प्रश्नचिन्ह आहे.

म्हणजे जिथे एक अक्षर आहे तिथे सरांना दोन हवेत, आणि जिथे दोन अक्षरं आहेत तिथे बहुतेक एक. सर सोमवारपर्यंत गावाला गेलेत, वही सोमवारीच परत द्यायचीय. कुणी नीट समजावून सांगेल का?

उंबरठा
इंग्रजीचं स्पेलिंग आणि उच्चार यांचं जमत नाही, मराठीत तो त्रास नाही. आपण बोलतो तसं लिहितो. 'च'बद्दल सांगायचं तर 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघ. 'माझा'मधला झ दातांशी, 'माझी'मधला टाळूशी. पुढे ई आली की जीभ आपोआप मागे सरकते. म्हणजे ध्वनी एकच, शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतो. 'च'चंही तसंच. एक स्वनिम, दोन रूपं. तुझं उत्तर बरोबर आहे असं मला वाटतं.

जुनीवही
माळरान, आधी मोजणी सोडवू, ती सोपी आहे.

'घर' हळू म्हण. मग 'घार' म्हण, मग 'घोर'. घ आणि र तेच राहिले, मधला स्वर बदलला आणि शब्द बदलला. मग 'घर'मध्ये त्या जागी काय होतं? अ होता. घार लिहिताना आपण काना देतो, घोर लिहिताना काना-मात्रा, आणि अ साठी काहीच देत नाही, कारण देवनागरीत तो अक्षराच्या पोटातच धरलेला असतो. डोळ्याला दिसत नाही म्हणून तू मोजला नाहीस. र च्या पोटातही लिखाणाप्रमाणे अ आहे, पण तो आपण बोलत नाही. म्हणून घ्, अ, र् असे तीन. 'चार'चेही तीन. 'क्षमा'त क्ष हे दिसायला एक अक्षर, कानाला क् आणि श्. मग अ, म्, आ. पाच झाले. अक्षरं मोजताना डोळे वापरलेस, इथे कान वापरायचे.

आता च. उंबरठा यांनी 'माझा-माझी'बद्दल जे सांगितलं ते खरं आहे. ई, ए आणि य यांच्या आधी मराठीत टाळूचाच उच्चार येतो. म्हणून भाचा पण भाची, आणि 'घराचा'तला च वेगळा, 'घराची', 'घराच्या'तला वेगळा. सगळी मराठी एवढीच असती तर एकच स्वनिम म्हणून विषय संपला असता.

पण सरांनी दिलेलं वाक्य घे. "गाईला पेंढा चार." आणि "माझ्याकडे चार गाई आहेत." दोन्ही 'चार' मोठ्याने म्हण आणि च ची शेपटी थोडी लांबव. गाईला चारताना शेवटी 'स्स' ऐकू येईल, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे असेल. चार गाई मोजताना 'श्श' ऐकू येईल आणि जीभ पसरून टाळूकडे गेलेली असेल. सोयीसाठी पहिल्याला मी टिंब देऊन च़ लिहिते. एरवी मराठी लिखाणात हे टिंब कुणी देत नाही, म्हणून तर हा घोटाळा.

आता बघ, दोन्हींच्या पुढे आ आहे आणि त्यापुढे र आहे. शेजारी अगदी तेच. मग शेजाऱ्यामुळे उच्चार बदलला असं इथे म्हणता येत नाही. फक्त उच्चार बदलल्याने अर्थ बदलला, आणि तो उच्चार बोलणाऱ्याने निवडलाय. अशी एक जोडी सापडली तरी ते दोन स्वनिम ठरतात. ज ची जोडी तर रोजच्या तोंडातली: 'सारं जग' आणि 'शंभर वर्षं जग'.

उंबरठा
'जग'ची जोडी पटली. पण मग 'माझा-माझी'त दोन वेगळे स्वनिम आलटून पालटून येतात म्हणायचं का? एकाच शब्दाची रूपं आहेत ती.

जुनीवही
रास्त शंका आहे. आ, ओ, ऊ, अ यांच्या आधी मराठी माणसाला दोन्हींतून निवड करता येते. ई आणि ए यांच्या आधी ती निवडच उरत नाही. 'ची' म्हणायचं तर टाळूचाच. त्या जागी भेद मावळतो. मावळलेल्या जागी उरलेल्या ध्वनीला कुठल्या स्वनिमाच्या नावे मांडायचं यावर भाषावैज्ञानिकांत जुनं भांडण आहे आणि पहिल्या वर्षाच्या वहीत ते मिटवायची गरज नाही. भेद कुठे जिवंत आहे आणि कुठे मावळतो, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

हे झालं कसं तेही थोडं सांगते, कारण त्याशिवाय शब्द मनमानी वाटतात. चूल, चाक, चोर, चांगला हे घरातले जुने शब्द च़ कडे गेले. चंद्र, चरण, राजा हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द टाळूच्याच उच्चाराने राहिले. फारसीतून ताजा, जरा, जमीन आले ते तिकडच्या उच्चारामुळे ज़ च्या रांगेत बसले. म्हणून राजा आणि ताजा, दोन्हीकडे मागेपुढे आ असूनही, वेगळे. आणि आता 'चार्जर' येतो तोही टाळूचा च घेऊन, पुढे आ असूनही. नवा शब्द आला की भेद आणखी घट्ट होतो.

मुद्रितशोधक
मी वीस वर्षं मुद्रितं तपासतो. इ आणि ई मध्ये गोंधळ होतो कारण नियम पाठ नसतात. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम ठरवले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, पाणी, वस्तू. उपान्त्य दीर्घ असलेल्या शब्दाला पुढे काही जोडलं की ते ऱ्हस्व होतं: गरीब, गरिबी. हे दोन नियम लक्षात ठेवलेत तर चूक होणार नाही.

माळरान
धन्यवाद दादा, पण माझी लिहिण्यात चूक नव्हती. इ आणि ई हे ध्वनी म्हणून वेगळे आहेत का, हा प्रश्न आहे.

जुनीवही
त्यांनी शुद्धलेखनाचं उत्तर दिलं, पण पुरावा तुझ्याच कामाचा आहे. 'गरीब'मधला लांब ई 'गरिबी'त आखूड झाला, कारण त्यापुढे आणखी एक स्वर येऊन बसला. 'कवी'तली ई शेवटी असताना लांब, 'कवितेत' मध्ये गेल्यावर आखूड. जागा सांगितली की लांबी सांगता येते. जे जागेवरून आधीच सांगता येतं त्यातून अर्थ बदलायचं काम होत नाही. म्हणून सरांचं प्रश्नचिन्ह.

विरोधात जोड्या दाखवतात त्या दिन आणि दीन, शिर आणि शीर. कागदावर त्या बिनतोड आहेत. पण बोलताना तू दोन्ही 'दिन' वेगळे म्हणतोस का? माझ्या कानाला बहुतेक लोक दोन्ही लांबच म्हणतात. संस्कृत पाठांतर झालेली मंडळी जपून वेगळे म्हणतात आणि त्यांच्या बोलण्याला धरून दोन स्वनिम मानणारेही आहेत. मी एकच मानते.

कुणाच्या मतावर न जाता घरी तपासून बघ. फोनवर दोन्ही 'चार' प्रत्येकी दहा वेळा वेगवेगळे म्हणून घे, वाक्यात नाही, सुटे. वीस तुकडे पिसून कुणाला तरी ऐकव आणि कुठला 'चार' ते विचार. 'दिन-दीन'चंही तसंच कर. वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येत असतील तर तो अंदाज आहे. एक काळजी घे, एक शब्द जोरात आणि दुसरा हळू म्हणू नकोस, नाहीतर माणूस च ऐवजी आवाजच ओळखेल.

वऱ्हाडी_पावसाळा
मी अकोल्याकडची. आमच्या घरी 'पानी' म्हणतात, डोळ्याला 'डोया' आणि काळ्याला 'काया'. शाळेत यावरून इतकं रागावलेत की मी वर्गात बोलणंच कमी केलं होतं. इथे सगळे मराठीत अमुक स्वनिम आहेत म्हणताहेत. मग आमच्याकडे काही कमी आहे असं धरायचं का?

जुनीवही
ताई, मोजणी नेहमी एका बोलीची असते, कागदावरच्या वर्णमालेची नाही. तुमच्या घरात 'मन' आणि 'मण' एकसारखेच ऐकू येत असतील तर त्या बोलीत न आणि ण हे वेगळे स्वनिम नाहीत. सातारच्या बोलीत आहेत. ही दोन वेगळी मांडणी आहे, एक दुसरीची चूक नाही. ण हे अक्षर मात्र तुम्हीही शिकता आणि तेही शिकतात, कारण लिपी सगळ्यांची एक आहे. तुम्हाला रागावणाऱ्यांनी अक्षरावरून ध्वनी तपासला.

ळ चं जरा जपून. 'काळा' आणि शरीर या अर्थाची 'काया', दोन्ही तुमच्या घरी अगदी एक होतात का? की काही शब्दांत ळ ची धग उरलीये?

वऱ्हाडी_पावसाळा
मला माझंच ऐकून सांगता येत नाहीये. मी पुण्यात राहून मिसळून गेलेय. आईचं बोलणं भरून घ्यावं लागेल.

माळरान
काल रात्री आजीवर केलं. ओट्यावर बसून ती शेंगा सोलत होती, फोन कानाशी धरला. 'चार'चे वीसच्या वीस बरोबर. प्रत्येक वेळी "हे गुरांचं" किंवा "हे मोजायचं", एकदाही थांबली नाही. इंदूरच्या मैत्रिणीला तेच तुकडे पाठवले, ती हिंदीत वाढलेली. तिचे अकरा बरोबर आले. मला वाटतंय, तिच्या भाषेत हा भेदच नाही म्हणून.

'दिन-दीन'ला आजीचे नऊ आले आणि सातव्या तुकड्यानंतर ती म्हणाली, "अरे, तू एकच शब्द किती वेळा ऐकवतोस?"

वहीत इ-ई खोडून एक केलं. पण एक शंका उरलीच. पंख, पंच, पंत, पंप या चारही शब्दांत टिंब तेच आहे आणि मला नाकातला आवाज चार ठिकाणी वेगळा लागतोय. हे चार स्वनिम का?

जुनीवही
टिंबाच्या पुढचं अक्षर तेच ठेवून फक्त नाकातला आवाज बदललेला शब्द सापडतो का, आधी शोध. सापडला तर इथेच लिही.